प्रत्येक बाणामागे एक गृहीतक : पहिलटकरणींच्या स्तनपानावरील अभ्यासाची चौकट घडवताना

एम.एस्सी. नर्सिंगच्या प्रबंधासाठी मी निवडलेला विषय प्रसूतिपश्चात कक्षात रोज डोळ्यांसमोर घडणारा होता. पहिलटकरीण घरी जाते तेव्हा बाळ अंगावर पीत असते, परंतु सहा आठवड्यांच्या लसीकरणाला ती परत येते तेव्हा पुष्कळदा वरचे दूध, पाणी किंवा घुटी सुरू झालेली असते. दूध कमी पडते असे तिचे म्हणणे असते. बाळाचे वजन मात्र व्यवस्थित वाढलेले दिसते. म्हणजे उणीव दुधाची नसून आपल्या दुधाने बाळाचे पोट भरते या खात्रीची असावी, असे मला वाटू लागले. कक्षातच तिच्या खाटेशेजारी बसून पद्धतशीर समुपदेशन केले तर ही खात्री वाढेल का आणि ती सहा आठवडे टिकेल का, हा माझा प्रश्न होता. सिनॉप्सिसमध्ये हा प्रश्न मांडणे सोपे गेले. खरा वेळ लागला तो त्याला संकल्पनात्मक चौकट देण्यात, आणि त्याच कामाविषयी मला येथे सविस्तर लिहायचे आहे.

आपल्याकडच्या प्रबंधांत या प्रकरणाचा एक साचा ठरून गेला आहे. एखादा सुप्रसिद्ध सिद्धान्त घ्यायचा, बहुधा बर्टलान्फी यांचा व्यवस्था सिद्धान्त किंवा इमोजिन किंग यांचा ध्येयप्राप्तीचा सिद्धान्त, आणि त्याच्या चौकोनांत आपल्या अभ्यासातील गोष्टी भरायच्या. ‘निविष्टी’च्या चौकोनात वय, शिक्षण, उत्पन्न, ‘प्रक्रिये’त आरोग्यशिक्षण, ‘निष्पत्ती’त ज्ञानात वाढ. ही आकृती चुकीची ठरूच शकत नाही आणि माझ्या मते तोच तिचा दोष आहे. कोणताही कार्यक्रम, कोणताही रुग्ण आणि कोणताही परिणाम तिच्यात बसतो. आरोग्यशिक्षणाने ज्ञान का वाढावे, ते कोणत्या वाटेने वाढते आणि वाढले नाही तर अडले कोठे, यांपैकी कशाविषयीही ती काही सांगत नाही. किंग यांच्या सिद्धान्तात परिचारिका व रुग्ण यांच्या परस्परसंबंधांविषयी पुष्कळ काही आहे, पण ते वापरायचे तर परस्परांची धारणा आणि दोघांनी मिळून ठरवलेले ध्येय या गोष्टी मोजाव्या लागतील. त्या मोजायच्या नसतील तर सिद्धान्ताचे नाव शोभेपुरतेच राहते.

माझ्या प्रश्नाला जवळचा असा सिद्धान्त उपलब्ध होता. अल्बर्ट बांडुरा यांनी १९७७ मध्ये मांडलेल्या स्वक्षमतेच्या विचारावरून कॅनडातील परिचारिका-संशोधक सिंडी-ली डेनिस यांनी १९९९ मध्ये स्तनपान-स्वक्षमतेची मांडणी केली. एखादे ठरावीक काम आपल्याला जमेल हा विश्वास म्हणजे स्वक्षमता. स्वभावातील एकंदर आत्मविश्वास ही निराळी गोष्ट आहे. बाकी सर्व बाबतींत धीट असलेली स्त्री बाळाला छातीशी धरताना घाबरू शकते. हा विश्वास चार उगमांतून येतो असे हा सिद्धान्त सांगतो : स्वतः करून जमल्याचा अनुभव, दुसऱ्या स्त्रीला करताना पाहणे, विश्वासाच्या माणसाने दिलेला धीर, आणि वेदना, थकवा, भीती यांसारख्या शारीरिक-मानसिक अवस्था. विश्वास जितका पक्का तितकी आई अडचणीतही प्रयत्न चालू ठेवते, असे पुढचे विधान आहे. मला हवे होते ते येथे मिळाले, कारण समुपदेशन आणि निव्वळ स्तनपान यांच्यामध्ये काय घडते हे सिद्धान्त स्वतःच सांगतो.

चार उगम समोर आल्यावर समुपदेशनाचा आराखडाच बदलला. पूर्वी माझ्या मनात तक्त्यांसह दिलेले एक चांगले व्याख्यान होते. चौकटीच्या नजरेने पाहिले तर व्याख्यान जेमतेम तिसऱ्या उगमाला स्पर्श करते. म्हणून प्रत्येक उगमासाठी एक कृती ठरवली. आई स्वतः बाळाला धरते, मी हात न लावता पाहते आणि बाळाचे तोंड नीट उघडले, खालचा ओठ बाहेर वळला, हनुवटी स्तनाला टेकली, असे जे जमले ते तिला नेमके सांगते. हा पहिला उगम. दोन दिवसांपूर्वी बाळंत झालेली आणि आता सराईतपणे पाजणारी शेजारच्या खाटेवरची बाळंतीण तिला पाहायला मिळते, हा दुसरा. तिसऱ्यासाठी सोबतीला असलेल्या आईला किंवा सासूला त्याच वेळी शेजारी बसवायचे, कारण घरी गेल्यावर धीर देणारे किंवा खचवणारे शब्द त्यांचेच असणार. चौथ्यासाठी पाजण्याआधी वेदना शून्य ते दहा अशा मापावर विचारायची, आणि शस्त्रक्रिया झालेल्या आईला कुशीवर झोपून पाजायची पद्धत दाखवायची. समुपदेशनाचा जो भाग कोणत्याही उगमाशी जोडता आला नाही, तो वगळला. स्तनाच्या रचनेची आकृती अशीच गळून पडली.

त्यानंतर मी गाईड मॅडमकडे कच्ची आकृती घेऊन गेले. डावीकडे समुपदेशन, मध्ये चार उगमांचे चार चौकोन, त्यांच्यापुढे स्वक्षमता आणि उजवीकडे सहा आठवड्यांचे निव्वळ स्तनपान. शिवाय वय, शिक्षण, प्रसूतीचा प्रकार, बाळाचे वजन, कुटुंबाचा प्रकार आणि घरचा आधार यांचा एक पट्टा खाली होता. मॅडमनी पेन्सिल हातात घेतली आणि प्रत्येक बाणावर ती टेकवत एकच प्रश्न विचारला, “हा बाण खोटा ठरला तर तुम्हाला कोणत्या आकड्यावरून कळेल?” जेथे उत्तर मिळाले तेथे त्यांनी बाणावर गृहीतकाचा क्रमांक लिहिला. जेथे मिळाले नाही तेथे बाण तुटक रेषेचा केला.

चार उगमांपासून स्वक्षमतेकडे जाणारे चार बाण असेच तुटक झाले. वेदना सोडली तर ते उगम मी स्वतंत्रपणे मोजणार नव्हते. शेजारणीला पाहून किती बळ आले हे मोजायला माझ्याकडे प्रमाणित साधन नव्हते आणि एका प्रबंधात नवे साधन घडवणे शक्यही नव्हते. म्हणून चारही उगम समुपदेशनाच्या चौकोनाच्या आत, त्याचे घटक म्हणून गेले. समुपदेशन संपूर्ण रूपाने स्वक्षमता वाढवते का हे माझा अभ्यास सांगू शकतो, पण कोणत्या घटकामुळे ती वाढली हे सांगू शकत नाही. ही मर्यादा चर्चेच्या प्रकरणात शेवटी उगवण्याऐवजी आकृतीतच पहिल्या दिवसापासून दिसते, हे मला फार मोलाचे वाटते. अभ्यासात मोजलेले ते अखंड रेषेने, न मोजलेले ते तुटक रेषेने, ही पद्धत आपल्या प्रबंधांत पूर्वीपासून आहे. परंतु तुटक रेषा कोठे आणि का काढली याचे कारण मजकुरात क्वचितच दिलेले असते.

अखंड बाण आता तीन उरले आणि त्यांतून तीन गृहीतके आली. पहिले असे की, समुपदेशन मिळालेल्या पहिलटकरणींची घरी जातानाची स्तनपान-स्वक्षमता नेहमीची काळजी मिळालेल्या पहिलटकरणींपेक्षा जास्त असेल. दुसरे, घरी जाताना स्वक्षमतेचे गुण जितके जास्त, तितकी सहा आठवड्यांना निव्वळ स्तनपान चालू असण्याची शक्यता जास्त असेल. तिसरे, समुपदेशन मिळालेल्या गटात सहा आठवड्यांना निव्वळ स्तनपान करणाऱ्या मातांचे प्रमाण जास्त असेल. तिन्ही गृहीतके दिशा सांगणारी आहेत, कारण सिद्धान्त दिशा सांगतो. ‘फरक असेल’ एवढेच लिहिणे म्हणजे सिद्धान्ताचा आधार घेतल्यावरही त्याने दिलेली माहिती न वापरणे होय. प्रत्येकासमोर त्याचे शून्य गृहीतक लिहिले. सांख्यिकीय चाचणी मात्र दोन्ही बाजूंची ठेवली, कारण समुपदेशनाने उलटा परिणाम झाला तर तोही दिसायला हवा.

येथे चलांविषयी एक गोष्ट मला नीट समजली, जी पाठ्यपुस्तकातील व्याख्या पाठ करून समजली नव्हती. स्वतंत्र किंवा परतंत्र असणे हा चलाचा अंगभूत गुण नाही, ते त्याचे बाणावरचे स्थान आहे. पहिल्या गृहीतकात स्वक्षमता परतंत्र चल आहे, दुसऱ्यात तीच स्वतंत्र आहे, आणि संपूर्ण आकृतीत ती मधली दुवा साधणारी आहे. चलांचा तक्ता करताना ‘स्वतंत्र चल : समुपदेशन, परतंत्र चल : स्वक्षमता व निव्वळ स्तनपान’ असे दोन ओळींत लिहून टाकले असते, तर दुसरे गृहीतक सुचलेच नसते. म्हणून माझा तक्ता गृहीतकांनुसार झाला. प्रत्येक गृहीतकाच्या पुढे त्यातील दोन्ही चले, त्यांचे साधन, मोजण्याची वेळ, मापनाची पातळी आणि चाचणी लिहिली. पहिल्यासाठी स्वक्षमतेचे गुण हे परिणामाचे माप असल्यामुळे सुरुवातीचे गुण विचारात घेऊन दोन गटांच्या सरासरींची तुलना. दुसऱ्यात परिणाम होय-नाही स्वरूपाचा असल्यामुळे लॉजिस्टिक रिग्रेशन. तिसऱ्यासाठी दोन प्रमाणांची तुलना म्हणून काय-वर्ग चाचणी. चाचणी कोणती लावायची हा प्रश्न मला सांख्यिकीतज्ज्ञांना वेगळा विचारावा लागला नाही, तो तक्त्यातूनच सुटला होता.

तीन गृहीतकांमुळे निकालाचे वाचनही आधीच ठरले. तिन्ही खरी ठरली तर वाट सिद्धान्ताने सांगितली तशी असण्याला बळ मिळते. पहिले आणि तिसरे खरे, पण दुसरे खोटे ठरले, तर समुपदेशनाचा उपयोग झाला खरा, पण तो स्वक्षमतेच्या वाटेने नव्हे. कदाचित शेजारी बसलेल्या सासूचे मत बदलल्याने. पहिली दोन खरी आणि तिसरे खोटे निघाले, तर कक्षात वाढलेला विश्वास घरच्या परिस्थितीपुढे पुरला नाही अशी शंका घेता येते, किंवा नमुनाच अपुरा होता. ‘समुपदेशन परिणामकारक आहे’ या एकाच गृहीतकातून एवढे काहीच हाती लागले नसते.

नमुना अपुरा असण्याची ही शंका काल्पनिक नव्हती. स्वक्षमतेचे प्रमाण विचलन ८ गुण धरले आणि दोन गटांत ५ गुणांचा फरक ओळखायचा ठरवला, तर ५ टक्के सार्थकता पातळी आणि ८० टक्के शक्ती ठेवून प्रत्येक गटात सुमारे ४० माता पुरतात. तिसऱ्या गृहीतकासाठी मात्र निव्वळ स्तनपानाचे प्रमाण ५० टक्क्यांवरून ७० टक्क्यांवर गेलेले ओळखायचे म्हटले, तरी प्रत्येक गटात ९० हून अधिक माता लागतात, कारण होय-नाही अशा उत्तरात गुणांच्या मानाने माहिती कमी असते. एवढ्या पहिलटकरणी आणि त्यांचा सहा आठवड्यांचा पाठपुरावा मला एकटीला दिलेल्या मुदतीत झेपणारा नव्हता. म्हणून पहिले गृहीतक मुख्य ठेवले, नमुना त्याच्यावरून ठरवला, आणि दुसरे व तिसरे दुय्यम असल्याचे सिनॉप्सिसमध्येच लिहिले. मधली दुवा म्हणून स्वक्षमतेची औपचारिक सांख्यिकीय तपासणी तर याहून मोठा नमुना मागते, तेव्हा तसा दावा करायचा नाही हेही ठरले.

स्वक्षमतेसाठी डेनिस यांचे २००३ चे १४ विधानांचे संक्षिप्त मापन घेतले. प्रत्येक विधानाला १ ते ५ गुण असतात, म्हणून एकूण १४ ते ७०. परवानगी घेऊन मराठी भाषांतर, दुसऱ्या व्यक्तीकडून उलट भाषांतर आणि तज्ज्ञांकडून आशयाची तपासणी ही नेहमीची वाट होती. विचार करावा लागला तो पहिल्या मोजणीच्या वेळेचा. पहिलटकरणीने बाळाला अजून एकदाही पाजलेले नसेल, तर तिला जमते का हे विचारण्यात अर्थ नाही. तिची उत्तरे इच्छा सांगतील, अनुभव नव्हे. म्हणून पहिली मोजणी बाळंतपणानंतर २४ तासांच्या आत, पण निदान एकदा पाजून झाल्यावर, असे ठरवले. दुसरी मोजणी घरी जाण्याच्या दिवशी. येथे प्रसूतीचा प्रकार आडवा येत होता, कारण शस्त्रक्रिया झालेली आई अधिक दिवस कक्षात राहते आणि तिला सराव अधिक मिळतो. समुपदेशनाच्या भेटी सर्वांना सारख्याच ठेवल्या आणि प्रसूतीचा प्रकार दोन्ही गटांत सारख्या प्रमाणात येईल अशी निवड केली.

सर्वांत जास्त खल निव्वळ स्तनपानाच्या कार्यात्मक व्याख्येवर झाला. जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या स्पष्ट आहे : फक्त आईचे दूध, पाणीसुद्धा नाही, अपवाद क्षारसंजीवनी आणि जीवनसत्त्वे, खनिजे किंवा औषधे यांच्या थेंबांचा व सिरपचा. पायलटच्या वेळी एका बाळंतिणीच्या आईला मी विचारले, “बाळाला दुधाशिवाय काही देता का?” त्या ठामपणे नाही म्हणाल्या. मग घुटीविषयी नाव घेऊन विचारले तेव्हा म्हणाल्या, “अहो सिस्टर, घुटी काय वरचं खाणं आहे का? ते औषधच की.” जायफळ, हळकुंड, वेखंड, मुरडशेंग सहाणेवर उगाळून त्या नातवाला चाटवत होत्या. त्यांच्या दृष्टीने उत्तर खरे होते, आणि व्याख्येतील औषधाच्या अपवादाचा आधार घेतला तर कोणी त्यांचे म्हणणे मान्यही केले असते. मी मात्र घुटी, मध, साखरपाणी आणि ग्राइप वॉटर हे चारही निव्वळ स्तनपान मोडणारे मानले, कारण ते डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरलेल्या मात्रेत दिलेले औषध नसते, आणि माझ्या चौकटीत परतंत्र चल ज्याचे प्रतिनिधित्व करते ती गोष्ट म्हणजे आपले दूध पुरते या विश्वासावर टिकलेले वर्तन आहे.

त्यामुळे प्रश्नावलीही बदलली. ‘दुधाशिवाय काही’ असा मोघम प्रश्न काढून प्रत्येक पदार्थाचे नाव घेऊन विचारायचे ठरले. कालावधीचाही प्रश्न होता. सर्वेक्षणांत मागच्या २४ तासांविषयी विचारतात, कारण ते आठवणीला सोपे असते, पण आठवड्यातून एकदा न्हाऊमाखू घालण्याच्या दिवशीच दिलेली घुटी त्यातून निसटते आणि निव्वळ स्तनपान आहे त्यापेक्षा जास्त दिसते. मी दोन्ही विचारले. मुख्य माप ‘जन्मापासून आजवर एकदाही नाही’ हे ठेवले आणि २४ तासांचे उत्तर इतर अभ्यासांशी ताडून पाहण्यापुरते नोंदवले. चौकटीतील एका चौकोनाचे नाव तेच राहिले, पण त्याच्या आतला आशय या एका संभाषणाने पक्का झाला.

खालच्या पट्ट्यातील लोकसंख्याविषयक चलांची छाननी मात्र थोडक्यात झाली. ‘निवडक वैयक्तिक चलांचा परिणामाशी असलेला संबंध शोधणे’ हे उद्दिष्ट आपल्या जवळजवळ प्रत्येक प्रबंधात असते आणि त्याखाली दहा-बारा काय-वर्ग चाचण्या लागतात. प्रत्यक्षात कशाचाही कशाशी संबंध नसला आणि १२ स्वतंत्र चाचण्या ५ टक्के पातळीवर केल्या, तरी त्यांपैकी निदान एक योगायोगाने सार्थ निघण्याची शक्यता सुमारे ४६ टक्के असते. मग धर्माचा किंवा आहाराच्या प्रकाराचा संबंध ‘आढळतो’ आणि त्याचे स्पष्टीकरण शोधत बसावे लागते. म्हणून ज्या चलाचा स्वक्षमतेच्या एखाद्या उगमाशी संबंध सांगता येतो तेवढीच ठेवली : प्रसूतीचा प्रकार, पाजतानाची वेदना, आणि प्रसूतीनंतर मुक्काम माहेरी की सासरी. बाकीची माहिती नमुन्याचे वर्णन करण्यापुरती राहिली. घरच्या आधाराचा चौकोन आकृतीत आहे, पण तुटक रेषेत, कारण एका प्रश्नाने तो मोजला जातो असे म्हणणे प्रामाणिक ठरले नसते.

रचनेविषयीही चौकटीने एक निर्णय घ्यायला लावला. एकाच कक्षात दोन्ही गट एकाच वेळी ठेवले तर दुसऱ्या उगमाप्रमाणेच शेजारच्या खाटेवरची समुपदेशन मिळालेली आई तुलनागटातील आईलाही शिकवणार. जो परिणाम मला हवा आहे तोच तुलना बिघडवणार. त्यामुळे आधी तुलनागट पूर्ण करून, मधे काही दिवस जाऊ देऊन, मग प्रायोगिक गट घेण्याचे ठरले. याची किंमत अशी की दोन कालखंडांत कक्षातील कर्मचारी किंवा गर्दी बदलली तर तोही फरकाचा पर्यायी खुलासा ठरतो. म्हणून दोन्ही काळांतील रोजच्या खाटांची आणि परिचारिकांची संख्या नोंदवण्याचे एक साधे पत्रक जोडले.

शेवटचा प्रश्न उजवीकडच्या टोकाच्या बाणाचा होता. सहा आठवड्यांची भेट मी लसीकरणाच्या दिवसाला जोडली, पण माहेरी गेलेली बाळंतीण तिथल्याच केंद्रात लस घेते आणि दिलेला फोन बहुधा नवऱ्याचा असतो. ज्या माता भेटत नाहीत त्यांच्यात वरचे दूध सुरू केलेल्या जास्त असण्याचा संभव आहे, आणि त्यांना सरळ वगळले तर दुसरे व तिसरे गृहीतक खऱ्यापेक्षा बरे दिसू शकते. म्हणून कक्षातच आईचा, नवऱ्याचा आणि माहेरचा असे तीन फोन क्रमांक घ्यायचे ठरले, आणि विश्लेषण दोनदा करायचे असे लिहून ठेवले : एकदा फक्त भेटलेल्या मातांचे, आणि एकदा न भेटलेल्या सर्वांनी निव्वळ स्तनपान थांबवले असे धरून. दोन्हींत उत्तर एकच आले तरच त्या बाणावर गृहीतकाचा क्रमांक ठेवून निष्कर्ष लिहायचा, असे मॅडमनी सुचवले आणि ते वाक्य तसेच सिनॉप्सिसमध्ये गेले.